एसटी म्हणजे कोणती एसटी?

2021 च्या नोव्हेंबरात एसटी कामगारांचा संप चांगलाच पेटला होता. महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा, अशी मागणी होती. आगारांच्या फाटकांवर ठिय्या होता आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जुन्या संपांच्या बातम्यांची शोधाशोध चालली होती. मी तेव्हा एका दैनिकाच्या जुन्या अंकांचा संगणकीय संग्रह सांभाळत होतो. कुणी एखादा शब्द टाकला की त्या शब्दाच्या बातम्या समोर आणणाऱ्या यंत्रणेची देखभाल माझ्याकडे होती. एका दुपारी ज्येष्ठ वार्ताहराचा फोन आला.

“अहो, मी ‘राज्य परिवहन महामंडळ’ असं अख्खं टाइप केलंय. एसटी असंसुद्धा नाही. आणि पहिल्याच पानावर मला अनुसूचित जमातीच्या दाखल्यांच्या बातम्या दिसताहेत. संप कुठाय यात?”

चूक माझीच होती, आणि ती कळायला मला संध्याकाळ लागली. तिची गंमत अशी, की मी लिहिलेली एकही ओळ खोटी नव्हती.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते सांगतो. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, ‘आगार: पृष्ठ 12, 87, 140’ अशी. संगणकाचा शोधही तशाच सूचीवर चालतो. तिला सगळे ‘इंडेक्स’च म्हणतात. बातमी संग्रहात येते तेव्हा तिचे शब्द सुटे केले जातात, आणि प्रत्येक शब्दापुढे त्या बातमीचा क्रमांक व बातमीतली जागा, म्हणजे कितवा शब्द, हे नोंदलं जातं. पुढे कुणी शोध घेतो तेव्हा यंत्र एकही बातमी वाचत नाही. ते फक्त या सूचीत बोट फिरवतं. सूचीत शब्द जसाच्या तसा असला तर सापडला, नसला तर नाही. ‘एसटी’ शोधणाऱ्याला ‘राज्य परिवहन महामंडळ’ असं लिहिलेली बातमी मिळणार नाही, कारण यंत्राच्या लेखी या दोन गोष्टींचा काही संबंधच नाही.

तो संबंध आपण सांगायचा असतो, आणि सांगायला जागा दोन. पहिली म्हणजे बातमी सूचीत चढवताना. बातमीत ‘एसटी’ आलं की सूचीत त्याच जागी ‘राज्य परिवहन महामंडळ’ही लिहून ठेवायचं. दुसरी म्हणजे शोधाच्या वेळी. सूचीला हात लावायचा नाही. वाचकाने ‘एसटी’ टाइप केलं की यंत्राने मनातल्या मनात ‘एसटी किंवा राज्य परिवहन महामंडळ’ असं वाचायचं. लुसीन नावाची मुक्त प्रणाली आणि तिच्यावर उभे असलेले सोलर आणि इलॅस्टिकसर्च हे दोघे दोन्ही प्रकार करू देतात. आमच्याकडे इलॅस्टिकसर्च होतं.

मी समानार्थी शब्दांच्या फाइलीत अशा दोन ओळी लिहिल्या होत्या:

```
एसटी, राज्य परिवहन महामंडळ
एसटी, अनुसूचित जमाती
```

स्वल्पविरामाचा अर्थ ‘हे सारखे समजा’. एसटीचे दोन अर्थ आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. यंत्रही वेगळ्या ओळी वेगळ्याच धरतं. ‘राज्य परिवहन महामंडळ’ दिसलं तर त्याचं फक्त ‘एसटी’ करतं, पुढे उडी मारून ‘अनुसूचित जमाती’पर्यंत जात नाही. इथवर सारं बरोबर होतं.

पण मी ही फाइल दोन्ही जागी जोडली होती. एकीकडे राहिलं तर दुसरीकडे पकडलं जाईल, असा भाबडा विचार. झालं काय, तर ‘अनुसूचित जमाती’ लिहिलेली बातमी सूचीत चढताना तिच्यावर ‘एसटी’ची चिठ्ठी चिकटली. वार्ताहराने ‘राज्य परिवहन महामंडळ’ टाइप केलं, त्याचं शोधाच्या वेळी ‘एसटी’ झालं, आणि त्या ‘एसटी’ने चिठ्ठी बघून जमातीच्या दाखल्याची बातमी उचलून आणली. एक उडी बातमीने मारली, एक प्रश्नाने मारली, आणि मधल्या ओट्यावर दोघांची गाठ पडली. फाइल कितीही वेळा वाचली तरी हे दिसत नाही, कारण चूक कुठल्याच ओळीत नाही. ती दिसते `_analyze` नावाच्या सोयीने. बातमीचं वाक्य एकदा सूचीच्या वाटेने आणि वाचकाचा शब्द एकदा शोधाच्या वाटेने घालून दोन्हीकडून काय बाहेर पडतं ते शेजारी ठेवायचं. मी ते केलं आणि कपाळाला हात लावला.

तेव्हापासून माझा नियम असा, की एक जोडी एकाच जागी. मग प्रश्न उरतो, कुठल्या?

सूचीच्या बाजूची ओढ मला समजते. काम एकदाच करायचं, मग शोध हलका. एका शब्दाला एक शब्द असेल तर काही बिघडतही नाही. ‘एसटी’च्या जागेवर ‘लालपरी’ लिहिलं तर दोन्ही एकाच खुर्चीत बसतात. भानगड सुरू होते ती एका शब्दाला तीन शब्द आले की, आणि लघुरूपांचं तर ते ठरलेलंच. बातमीत वाक्य आहे ‘एसटी तोट्यात आहे’. तीन शब्द, तीन जागा. आता पहिल्या जागेवर ‘राज्य परिवहन महामंडळ’ बसवायचंय. तीन शब्द एका खुर्चीत मावत नाहीत, म्हणून ते पुढच्या खुर्च्यांवर सरकतात:

```
जागा 1: एसटी      | राज्य
जागा 2: तोट्यात    | परिवहन
जागा 3: आहे       | महामंडळ
```

आता कुणी अवतरणचिन्हांत “राज्य तोट्यात” असं शोधलं, म्हणजे हे दोन शब्द लागोपाठ हवेत असं सांगितलं, तर यंत्र बघतं, ‘राज्य’ पहिल्या जागी आहे, ‘तोट्यात’ दुसऱ्या जागी आहे, लागोपाठ आहेत, द्या बातमी. महामंडळाच्या तोट्याची बातमी राज्याच्या तिजोरीच्या नावावर जमा! उलट, “महामंडळ तोट्यात” शोधणाऱ्याला तीच बातमी मिळत नाही, कारण सूचीत ‘महामंडळ’ तिसरं आणि ‘तोट्यात’ दुसरं, क्रमच उलटा. जे सापडायला नको ते सापडतं आणि जे हवं ते निसटतं.

याचं मूळ सूचीच्या घडणीत आहे. सूचीत शब्दाची जागा लिहिली जाते, पण तो शब्द किती जागा व्यापतो हे लिहायला रकानाच नाही. ‘एसटी’ हा एकच शब्द या तीन शब्दांच्या बरोबरीचा, म्हणून तीन जागा ऐसपैस बसलाय, असं तिला सांगताच येत नाही. शोधाच्या वेळी मात्र ही माहिती हातात असते. लुसीनमध्ये त्यासाठी निराळी चाळणी आहे, इलॅस्टिकसर्चमध्ये तिचं नाव `synonym_graph`. ती वाक्याच्या दोन वाटा काढते. एक वाट ‘एसटी’वरून जाते, दुसरी ‘राज्य परिवहन महामंडळ’ या तीन पायऱ्यांवरून, आणि दोन्ही पुढे ‘तोट्यात’ या शब्दापाशी मिळतात. मग सूचीला दोन स्वतंत्र प्रश्न जातात: ‘एसटी तोट्यात’ आहे का, किंवा ‘राज्य परिवहन महामंडळ तोट्यात’ आहे का. सरमिसळ नाही. `_analyze`च्या उत्तरात ‘एसटी’पुढे `positionLength` 3 दिसलं की समजायचं वाटा नीट फुटल्या आहेत. हीच चाळणी सूचीच्या बाजूला लावली तर त्या वाटा पुन्हा दाबून सपाट कराव्या लागतात, आणि मग वरचाच खुर्च्यांचा खेळ.

शोधाच्या बाजूचा दुसरा मोठा फायदा आम्हाला 2023 मध्ये कळला. औरंगाबादचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. सूचीच्या बाजूने काम केलं असतं तर प्रत्येक वेळी अख्खा संग्रह पुन्हा चढवावा लागला असता, कारण जुन्या बातम्यांवर नव्या नावाची चिठ्ठी आपोआप लागत नाही. वर्षानुवर्षांचे अंक आणि लाखो बातम्या. ते काम चालू असताना अर्ध्या संग्रहात नवं नाव चालतं आणि अर्ध्यात नाही, अशी मधली अवस्था येते ती वेगळीच. शोधाच्या बाजूने फाइलीत एक ओळ वाढवायची आणि यंत्राला ती पुन्हा वाचायला सांगायची. त्यासाठी चाळणी अशी मांडलेली हवी:

```
"nave": {
  "type": "synonym_graph",
  "synonyms_path": "nave.txt",
  "updateable": true
}
```

मग `POST /batmya/_reload_search_analyzers` एवढी आज्ञा पुरते. `updateable` ठेवलेली चाळणी सूचीच्या बाजूला जोडूच देत नाहीत, आणि ते शहाणपणाचंच आहे.

अर्थात ओळ लिहिणं सोपं, ती बरोबर असणं अवघड. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, जिल्ह्याचं ठिकाण आहे. संभाजीनगर नावाच्या वसाहती इतर शहरांतही आहेत, पिंपरी-चिंचवडमध्येही एक आहे. जोडी लावताच नव्या नावाने शोधणाऱ्याला बिहारच्या निवडणुकीच्या बातम्या येऊ लागल्या. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे दोन शब्द मिळून औरंगाबाद, नुसतं ‘संभाजीनगर’ नाही, एवढी मर्यादा घातल्यावर वसाहतींचा गोंधळ ओसरला. पण नावं बदलण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून काही मंडळी नुसतं ‘संभाजीनगर’च लिहीत आली आहेत. ते लेख त्या मर्यादेमुळे पुन्हा बाहेर राहिले. इथे दोन्ही हातांत लाडू नाहीत. आम्ही कमी पण नेमकं, हे पत्करलं. बिहारचा औरंगाबाद मात्र आजतागायत अधूनमधून डोकावतो.

आता शोधाच्या बाजूची खोट. यंत्र बातम्यांचा क्रम लावतं तेव्हा दुर्मीळ शब्दाला जास्त भाव देतं. तत्त्व चांगलं आहे. ‘आहे’पेक्षा ‘विलीनीकरण’ सापडणं केव्हाही मोलाचं. पण समानार्थी शब्दांत हेच तत्त्व उलटतं. समजा संग्रहात एक लाख बातम्या आहेत, त्यांतल्या 9,000 बातम्यांत ‘एसटी’ आहे आणि फक्त 200 बातम्यांत ‘लालपरी’. बीएम25 या प्रचलित हिशेबाने ‘एसटी’चं वजन सुमारे 2.4 येतं आणि ‘लालपरी’चं 6.2. वाचकाने टाइप केलं ‘एसटी’, आपण शोधाच्या वेळी ‘किंवा लालपरी’ जोडलं, आणि पहिल्या पानावर रांगेने ‘लालपरी रुसली’, ‘लालपरी धावली’ अशा मथळ्यांची जत्रा भरली. वाचकाने जो शब्द लिहिलाच नाही तो त्याच्या शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसला. कुठलीही बातमी चुकीची नाही, क्रम मात्र चुकलेला. ही तक्रार ओळखायची खूण म्हणजे वाचक ‘सापडत नाही’ म्हणत नाहीत, ‘भलतंच वर येतं’ म्हणतात.

सूचीच्या बाजूने हा दोष येतच नाही. तिथे ‘एसटी’ असलेल्या प्रत्येक बातमीवर ‘लालपरी’ही लिहिलेलं असतं आणि उलटही, त्यामुळे दोन्ही शब्द सारखेच दुर्मीळ किंवा सारखेच सामान्य ठरतात. लुसीनने पुढे शोधाच्या बाजूलाही उपाय केला. एकाच जागी आलेले समानार्थी शब्द तो एकच शब्द धरून तोलतो, आणि त्यांतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्याची संख्या सगळ्यांना लावतो. लालपरीचं वजन मग 2.4 वर येतं. हे फक्त एकशब्दी जोड्यांना लागू. ‘राज्य परिवहन महामंडळ’सारखी तीन पायऱ्यांची वाट आली की तिचे गुण वेगळे मोजले जातात, आणि ज्या बातमीत एसटी आणि महामंडळाचं पूर्ण नाव दोन्ही आलं ती गुणांच्या बेरजेने वर चढते. आम्ही शेवटी लिहिलेल्या शब्दाला पूर्ण वजन आणि आपण जोडलेल्याला कमी, असं हाताने ठरवलं. ‘निम्मं’ हा आकडा शास्त्राचा नाही, पंधरवडाभर निकाल बघत बसल्यावर सुचलेला आहे.

मराठीत आणखी एक फासा आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात: एसटीचा, एसटीनं, एसटीतून, औरंगाबादेत. फाइलीत ‘एसटी’ लिहिलं म्हणून ‘एसटीतून’ पकडला जात नाही. म्हणून प्रत्यय काढणारी चाळणी आधी आणि समानार्थी शब्दांची नंतर, हा क्रम पाळावा लागतो. शिवाय एसटी लिहायच्या तऱ्हा तीन. ‘एसटी’ हा एक शब्द, ‘एस.टी.’ मधल्या टिंबासकट एक शब्द म्हणून टिकतो आणि शेवटचं टिंब गळतं, तर ‘एस टी’चे सरळ दोन शब्द होतात. हे समानार्थी नव्हेतच, हे एकाच शब्दाचे पोशाख. त्यांना मी या फाइलीत घेतच नाही. शब्द सुटे होण्याआधीच सगळ्यांचं ‘एसटी’ करून टाकायचं, सूचीतही आणि शोधातही. दोन्ही जागी काम करण्याची मुभा मी एवढ्यापुरतीच देतो. इथे अर्थ बदलत नाही, त्यामुळे मधल्या ओट्यावर भलत्या कुणाची गाठ पडत नाही.

राहिला मूळ प्रश्न, कोणती एसटी? सूचीच्या बाजूची जोडणी काढून टाकल्यावर वार्ताहराची तक्रार कमी झाली, संपली नाही. ‘राज्य परिवहन महामंडळ’चं अजूनही ‘एसटी’ होत होतं आणि ‘एसटी प्रवर्गात समावेश’ अशा बातम्या येतच होत्या. मग एकेरी रस्ता करून पाहिला. ‘एसटी’ टाइप केलं तर पूर्ण नाव जोडायचं, पूर्ण नाव टाइप केलं तर काहीच जोडायचं नाही. निकाल स्वच्छ आले, पण मूठभर. कारण उघड होतं. महामंडळाचं पूर्ण नाव कोण लिहितो? बातम्यांत सगळीकडे एसटीच.

इथे माझं मत बदललं. तोवर मी सगळं शोधाच्या बाजूला ढकलायच्या पंथाचा होतो. पण शोधात असतात दोन किंवा तीन शब्द. ‘एसटी आरक्षण’ असं कुणी टाइप केलं तर त्याला दिवाळीत गावी जायचं तिकीट हवंय की धनगर समाजाच्या मागणीची बातमी, हे त्या दोन शब्दांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बातमीत मात्र चार-पाचशे शब्द असतात. तिच्यात आगार, वाहक, फेऱ्या, बसस्थानक यांपैकी काही आलं असेल तर ती कुठली एसटी हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवायचा तर तो सूचीत चढवतानाच, कारण संदर्भ तिथेच आहे.

म्हणून आम्ही बातमीच्या मजकुरात काही न मिसळता शेजारी एक वेगळा रकाना उघडला, `vishay`. बातमी चढताना तिच्यात ‘एसटी’ असेल तर खुणेचे शब्द मोजायचे. बसच्या बाजूचे किमान दोन आणि जमातीच्या बाजूचा एकही नाही, तर रकान्यात `msrtc`. उलट असेल तर `jamati`. घोळ असेल तर रकाना रिकामा. खुणेच्या शब्दांतून ‘आरक्षण’ पहिल्याच दिवशी काढावा लागला, कारण बसस्थानकावर आरक्षणाची खिडकी असते. शोधाच्या वेळी ‘राज्य परिवहन महामंडळ’ला आता ‘एसटी’ जोडत नाही, तर ‘किंवा ज्यांच्या रकान्यात `msrtc` आहे त्या बातम्या’ असं जोडतो. याची किंमत आहेच. खुणेचे शब्द बदलले की संग्रह पुन्हा चढवावा लागतो. पण गावांची नावं बदलतात तितक्या वेळा बसच्या खुणा बदलत नाहीत.

हे रकान्याचं लचांड प्रत्येक लघुरूपासाठी करू नये. आम्ही ते मोजक्यांसाठी केलं. त्यांत पीएमसी होतं, कारण त्याचा एक अर्थ पुणे महापालिका आणि दुसरा 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेली सहकारी बँक, आणि त्या वर्षाच्या बातम्यांत दोन्ही पुष्कळ.

बाकीच्यांसाठी एक वही पुरते. ज्या शोधांना एकही बातमी मिळाली नाही त्यांची यादी मी दर सोमवारी चाळतो आणि तिच्यातूनच फाइलीत नवी ओळ येते. मध्यंतरी त्या यादीत ‘येष्टी’ दिसलं, तेही बऱ्याचदा. गावाकडे एसटीला असंच म्हणतात. ‘येष्टी’ टाइप केलं तर ‘एसटी’ समजा, अशी एकेरी ओळ मी लगेच लिहिली. त्याच्याच खाली कुणीतरी ‘यष्टी’ही टाइप केलेलं होतं. तीही ओळ लिहायला घेतली, तेवढ्यात शेजारच्या क्रीडा विभागातून हाक आली, “थांबा हो, आमच्या यष्टीला बस लावू नका.” क्रिकेटच्या तीन यष्ट्या माझ्या ध्यानातच नव्हत्या. ती ओळ अजून लिहिलेली नाही.